शेजाऱ्याची खिडकी आणि शेजाऱ्याचा कॅमेरा
(भाषणाचा मजकूर)

सुरत शहराच्या लिंबायत, उधना या भागांत खानदेशातून आलेली अनेक मराठी कुटुंबे राहतात. येथील वस्तीत घरे एकमेकांस खेटून उभी असतात. चोरीच्या भयाने एखादा गृहस्थ दारावर कॅमेरा बसवितो आणि समोरच्या घरातील अंगण, न्हाणीचे दार व खिडकीही त्याच्या टप्प्यात येतात. हरकत घेतली की उत्तर मिळते, ‘भिंत माझी, कॅमेरा माझा!’

हे उत्तर पुरेसे नाही. गुजरात मुंबई इलाख्यात असताना, १८६० च्या दशकात, मुंबई उच्च न्यायालयाने तेथील एक रूढी मान्य केली होती. शेजारच्या घराचा जो भाग सामान्यतः परक्याच्या नजरेआड असतो, तो दिसेल अशी नवी खिडकी स्वतःच्या भिंतीलाही पाडता येत नाही, अशी ती रूढी. पुढे १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याच्या १८ व्या कलमाखाली नेमके हेच उदाहरण देण्यात आले.

या रूढीला मर्यादाही आहेत. रस्त्यावरील ओटा येणाऱ्याजाणाऱ्यास दिसतोच. त्याबद्दल तक्रार टिकणे कठीण. शिवाय रूढी खिडकीची आहे. ती कॅमेऱ्यासही लागू पडते, हे दाव्यात पटवून द्यावे लागेल. खिडकीतला माणूस निदान केव्हातरी आत जातो. कॅमेरा रात्रंदिवस पाहतो आणि पाहिलेले साठवितो, हा मुद्दा तेथे वजनदार ठरावा.

सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. एकाच वास्तूत राहणाऱ्या दोन भावांच्या वादात कलकत्ता उच्च न्यायालयाने २०२५ साली, दुसऱ्या रहिवाशाच्या संमतीवाचून राहत्या भागात कॅमेरे चालविता येणार नाहीत, असा निर्णय दिला. मात्र २०२३ चा व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा घरगुती कारणासाठी वापरलेल्या माहितीस लागू नाही. त्यावर विसंबून चालणार नाही.

मग करावे काय? कॅमेऱ्याच्या तोंडावरून अंदाज बांधू नये. काळ्या घुमटाखालील भिंग कोठे वळले आहे ते बाहेरून कळतच नाही. शेजाऱ्यास त्याच्या मोबाईलवरील चित्र दाखविण्याची विनंती करावी. चित्रात अंगण दिसले, तर कॅमेरा खाली वळविता येतो. तसे केल्याने त्याचे दार सुटत असेल, तर बहुतेक यंत्रांत चित्राचा ठरावीक भाग काळ्या पट्टीने झाकण्याची सोय असते. त्या भागाचे चित्रणच साठत नाही आणि दाराची राखणही चालू राहते. पट्टी पुन्हा काढता येते, म्हणून वळविणे हाच पहिला उपाय.

शेजारी चित्र दाखविण्यासही नकार देईल, तर तारीख घालून लेखी पत्र द्यावे व पोच घ्यावी. आपल्या खिडकीतून कॅमेऱ्याचे छायाचित्र घेऊन ठेवावे. दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम मागताना हे दोन्ही कागद उपयोगी पडतात. स्त्रीचे स्नानासारख्या खाजगी प्रसंगी चित्रण झाले असेल, तर तो भारतीय न्याय संहितेच्या ७७ व्या कलमाखालील गुन्हा आहे; तेथे पत्रव्यवहारात वेळ न दवडता पोलीस ठाणे गाठावे.