ओले कपडे विस्तवाविना कसे वाळतात? : बाष्पीभवन आणि उत्कलन



पाणी उकळले म्हणजे त्याची वाफ होते, हा पाठ मुलांच्या चांगलाच ध्यानात राहतो. परंतु त्यातूनच एक गैरसमज मूळ धरतो. वाफ होण्यासाठी पाणी उकळलेच पाहिजे, असे मुलांना वाटू लागते. नाशिकास गोदावरीच्या घाटावर धुतलेली धोतरे-लुगडी घटका-दोन घटकांत वाळतात, तेथे चूल नसते की आधणही नसते. मग त्यांतील पाणी जाते कोठे? सूर्य ते शोषून घेतो, असे उत्तर पुष्कळदा मिळते. पण कपडे सावलीत वाळतात आणि रात्रीही वाळतात. तेव्हा ते उत्तर अपुरे ठरते.

पाण्याचे सर्व रेणू सारख्या वेगाने धावत नाहीत. काही मंद असतात, तर काही फार वेगवान. पृष्ठभागाजवळचा एखादा वेगवान रेणू शेजाऱ्यांची ओढ तोडून हवेत निसटतो. हेच बाष्पीभवन होय. ते कोणत्याही तापमानाला चालते, परंतु केवळ पृष्ठभागावरून. उत्कलनाची गोष्ट निराळी आहे. तेथे पाण्याच्या पोटातच वाफेचे बुडबुडे तयार होतात. वाफेचा दाब बाहेरील हवेच्या दाबाइतका झाल्याखेरीज हे बुडबुडे टिकत नाहीत, म्हणून उत्कलनास ठराविक तापमान लागते. समुद्रकाठी ते १०० अंश सेल्सिअस असते. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच असल्याने तेथे हवेचा दाब थोडा कमी आहे, आणि पाणी सुमारे ९८ अंशांवरच उकळते. कपड्यातील पाणी मात्र धाग्याधाग्यांवर पातळ थराने पसरलेले असते. त्याचा जवळजवळ सर्व भाग पृष्ठभागापाशीच असल्याने त्याला बुडबुड्यांची गरज पडत नाही.

विस्तव लागला नाही म्हणून उष्णताच लागली नाही, असे मात्र मुलांना सांगू नये. एक हिशेब फळ्यावर मांडावा. पिळलेल्या धोतरात अर्धा किलो पाणी राहिले आणि त्याचे तापमान ३० अंश आहे, असे धरावे. ते पाणी चुलीवर ठेवले तर ९८ अंशांपर्यंत तापवण्यास ३४ किलोकॅलरी लागतील, आणि सर्वच्या सर्व पाण्याची वाफ करण्यास आणखी सुमारे २७० किलोकॅलरी, एकूण ३०४. तेच पाणी ३० अंशांवर दोरीवरच वाळले तर सुमारे २९० किलोकॅलरी लागतात. म्हणजे खर्च जवळजवळ तोच आहे. फरक एवढाच की, चूल ती उष्णता थोड्या वेळात देते. दोरीवरच्या धोतराला ती भोवतालच्या हवेतून आणि उन्हातून हळूहळू मिळते. वेगवान रेणू निघून गेल्याने मागे मंद रेणू उरतात, पाणी थंड होते आणि अधिक उष्ण हवेतून उष्णता त्याच्याकडे वाहत राहते. ओला कपडा हाताला गार लागतो तो याच कारणाने.

हे प्रत्यक्ष दाखवणे सोपे आहे. तापमापकाच्या फुग्याभोवती ओली चिंधी गुंडाळून पुठ्ठ्याने वारा घालावा. उन्हाळ्याच्या कोरड्या दुपारी पारा दहा अंशांहूनही अधिक उतरलेला दिसतो. दुसरा प्रयोग तराजूचा. दोन सारखे रुमाल भिजवून, पाणी ठिबकणार नाही इतके पिळून, तराजूत समतोल करावेत. मग एक घडी करून व दुसरा उलगडून सावलीत ठेवावा. अर्ध्या तासाने पुन्हा तोलले असता घडीचा रुमाल जड भरतो, कारण त्याचा उघडा पृष्ठभाग लहान असतो. रुमाल नीट पिळले नाहीत तर ठिबकलेले पाणीही वाफ झाले असे भासते. ही चूक टाळावी.

हाच प्रयोग श्रावणात केला तर फरक क्वचितच जाणवेल. निसटलेले काही रेणू हवेतून पाण्यात परत येत असतात, आणि हवेत बाष्प जितके अधिक तितके परतणारेही अधिक. ३५ अंशांची हवा दर घनमीटरला सुमारे ४० ग्रॅम बाष्प धरू शकते. तिच्यात पंचमांशच बाष्प असेल तर ३२ ग्रॅमांना जागा उरते. पावसाळ्यातील २६ अंशांची हवा सुमारे २४ ग्रॅम धरते; तिच्यात आधीच २० ग्रॅम असले तर केवळ ४ ग्रॅमांची जागा राहते. म्हणून पावसाळ्यात छपराखालीही कपडे दमट राहतात. वारा कपड्याजवळची बाष्पाने भरलेली हवा दूर नेऊन कोरडी हवा आणतो. परंतु सारी हवाच बाष्पाने पूर्ण भरली असेल, तर वाऱ्यानेही काही साधत नाही.

शेवटी मुलांना एक प्रश्न विचारावा : उकळत्या आधणावर दिसणारा पांढरा लोट म्हणजे पाण्याची वाफ काय? ती वाफ नव्हे. थंड हवेत वाफेपासून पुन्हा झालेले ते पाण्याचे सूक्ष्म थेंब होत. खरी वाफ डोळ्यांना दिसत नाही. म्हणूनच दोरीवरचे धोतर सर्वांच्या देखत वाळते, पण त्यातून काही निघून जाताना कोणालाच दिसत नाही.