बांगड्यांचा आहेर कोणाला?

(जिल्हा बैठकीत झालेले भाषण)



सकाळपासून कापसाचा भाव, वजनातला कडता आणि पीकविमा यांवर बोलणे झाले. आम्हाला आता जे बोलायचे आहे, ते आपल्या तोंडाबद्दल आहे. आपण रागावलो की तोंडातून काय निघते आणि ते जाऊन कोणाला लागते, एवढाच विषय आहे. चूक आमचीच आहे, म्हणून सुरुवात आमच्यापासून करतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. कापूस फुटला होता, पहिला वेचा तोंडावर आला होता आणि तीन दिवस पाऊस झाला. फुटलेली बोंडे भिजली, कापसाची कवडी झाली. पंचनामा मागून मागून तीन आठवडे गेले. शेवटी तालुक्याच्या कचेरीवर मोर्चा काढायचे ठरले. काहीतरी जोरदार करू, असे कोणीतरी म्हणाले आणि आम्हीच सुचवले की साहेबाला बांगड्यांचा आहेर करू. कासाराकडून दोन डझन हिरव्या बांगड्या आणल्या, ताटात हळदकुंकू ठेवले. घोषणाही आम्हीच लिहिली : "काम करता येत नसेल, तर बांगड्या भरा!"

टाळ्या पडल्या, फोटो निघाले. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात बांगड्या होत्या, पंचनाम्याचा उल्लेख शेवटच्या ओळीत. साहेबाचा अपमान झाला म्हणून कचेरीतल्या लोकांनी दोन दिवस लेखणी खाली ठेवली. तिसऱ्या दिवशी बोलणी झाली ती अपमानावर झाली. पंचनामा करणारा माणूस शिवारात आला तोवर लोकांनी कवडी वेचून मिळेल त्या भावाने विकली होती. झाडावर दाखवायला काही उरले नव्हते.

पण हे पुढचे. मोर्चाच्या दिवशीच परतताना टेम्पोत एक बाई आमच्याजवळ बसल्या होत्या. वेचणीची मजुरी बुडवून आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊ, त्या सायबानं काम केलं नाही म्हून त्याले बांगड्या देल्या. त्याच बांगड्या माह्या बी हातात हायेत. मंग मी कोणतं काम केलं नाही?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. १९८६ साली चांदवडला शेतकरी बायांचे एवढे मोठे अधिवेशन भरवणाऱ्या चळवळीतले आम्ही. बाईच्या श्रमाला मोल नाही, हे आम्ही गावोगाव सांगत फिरलो होतो. तरी कासाराच्या दुकानात उभे असताना आमच्या मनात शंकासुद्धा आली नाही. ती का आली नाही, याचा विचार तेव्हापासून करतो आहोत.

झाड सुकले की वरची पाने बघून भागत नाही, मूळ उकरावे लागते, हे आम्हाला शेतकी कॉलेजात शिकवले. तसे हे वाक्य उकरून बघू. "काम करता येत नसेल, तर बांगड्या भरा." यात दोन गोष्टी बोललेल्या आहेत. तू काम केले नाहीस, ही एक. तू बांगड्या भर, ही दुसरी. पण या दोन गोष्टी जोडणारी तिसरी एक आहे, ती कोणी बोलतच नाही. ती अशी की ज्यांच्या हातात बांगड्या असतात, त्या काही कामाच्या नसतात. ती तिसरी काढून घेतली तर वाक्य उभे राहत नाही. "काम करता येत नसेल, तर धोतर नेसा" असे म्हणून बघा. लोक विचारतील, याचा अर्थ काय?

आता, ती तिसरी गोष्ट कोणी या माईकवरून उघड बोलला असता, की बाया कामाच्या नसतात, तर या मांडवातल्या निम्म्या लोकांनी त्याला खाली बसवले असते. ज्या हातांनी तिफणीच्या चाड्यावर मूठ धरली, निंदण काढले, बोंडाच्या टोकांनी बोटे सोलवटून घेत दिवसाला तीस-चाळीस किलो कापूस वेचला, ते हात सगळ्यांनी पाहिले आहेत. पण ती गोष्ट बोलली जात नाही, नुसती धरून चालली जाते. बोललेले खोडून काढता येते. न बोललेले कोण खोडणार? हे न दिसण्याचे पहिले कारण.

दुसरे कारण असे की बोलणारा पुरुष असतो आणि ज्याला बोलायचे तोही पुरुषच असतो. सगळ्यांची नजर त्या दोघांवर. साहेब चिडला का, त्याचे तोंड उतरले का, हे आपण बघतो. शेजारी उभी असलेली बाई आपल्या हिशेबातच नसते. "आम्ही तिला कुठे काय म्हटले?" हे खरेच असते. तिला काही म्हटलेले नाही, तिला फक्त शिवी म्हणून वापरले आहे.

तिसरे कारण म्हणजे सवय. "बांगड्या भरणे" हा आपल्या भाषेत वाक्प्रचार होऊन बसला आहे, आणि अर्थ काय, तर भित्रेपणा करणे. लहानपणी कानावर पडलेल्या शब्दाकडे माणूस पुन्हा वळून बघत नाही.

कोणी म्हणेल, बायाही असेच बोलतात. खरे आहे. आईच पोराला म्हणते, "पोरीसारखा रडतो काय?" पण ती कशासाठी म्हणते? चार पोरे त्याला हसतील ही तिला भीती असते. बाजारात कोणत्या मालाला काय भाव आहे, हे तिला ठाऊक असते. भाव तिने ठरवलेला नसतो. आणि ती हे म्हणते तेव्हा तिची मुलगी तिथेच बसून ऐकत असते.

भाव एकाच बाजूला कसा झुकतो, हे तपासायला सोपी रीत आहे. शब्द उलटा करून बघायचा. बाईने शेत चांगले केले, सावकाराला तोंड दिले, की आपण म्हणतो, "बाई नाही, गडी आहे गडी!" पुरुष घाबरला की तो बायल्या. बायकोशी विचारविनिमय करून बी घेतले की तो बाईलबुद्ध्या. म्हणजे बाईने चांगले केले की तिला पुरुषात बढती, पुरुषाने वाईट केले की त्याला बाईत उतरवणार. "पुरुषी" हा शब्द बायांना टोचून म्हणतातच की, असे कोणी म्हणेल. म्हणतात, पण तिच्या चालण्याला, आवाजाला म्हणतात, तिने आपली पायरी सोडली म्हणून. भित्र्या किंवा कामचुकार बाईला पुरुषी म्हटलेले तुम्ही ऐकले आहे का? आम्ही ऐकलेले नाही.

अशा शब्दांत आणखी एक खोट आहे. ते दोष भलतीकडे दाखवतात. बैठकीतून काही निघाले नाही की आपण सर्रास म्हणतो, "वांझोटी चर्चा." आम्हीही म्हणत होतो. पण ज्वारीच्या बीजोत्पादनाचा प्लॉट ज्यांनी केला आहे, त्यांनी आठवून बघावे. १९६४ साली सी.एस.एच.-१ हा देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण आला, तेव्हापासून हे बी एकाच रीतीने तयार होते. चार ओळी मादी वाणाच्या, दोन ओळी नर वाणाच्या. मादी वाणाच्या फुलात जिवंत पराग नसतो, तो शेजारच्या नर ओळींतून यावा लागतो. दोन्ही वाण एका वेळी फुलोऱ्यावर आले नाहीत, किंवा ऐन वेळी पावसाने पराग धुऊन नेला, तर मादीची कणसे पोचट राहतात. बघणारा म्हणतो, कणसे वांझ निघाली. मादी ओळ तर तयार होऊन वाट बघत होती. चुकली होती ती पेरणीची तारीख. दोन्ही वाणांची पेरणी मागेपुढे करून फुलोरा जुळवला असता तर दाणे भरले असते. पण "वांझ" म्हटले की तारीख कोणी तपासत नाही.

आमच्या मोर्चात हेच झाले. बांगड्या दिल्या आणि पंचनाम्याची तारीख बाजूला राहिली.

हे शब्द पुरुषालाही सोडत नाहीत. ओळखीच्या एका शेतकऱ्याचे दुबार पेरणी करूनही पीक गेले. पारावर बोलता बोलता त्याचे डोळे भरून आले. कोणीतरी हसत म्हणाले, "पोरीवानी रडतो का बे? गडी हायेस ना?" म्हणणारा वाईट माणूस नव्हता, त्याला धीरच द्यायचा होता. त्या दिवसापासून हा गडी पारावर आला नाही. घरातही काही बोलला नाही. गुपचूप सावकाराचे कर्ज काढले. बायकोला ते कळले वसुलीचा माणूस दारात उभा राहिला तेव्हा. दुःख सांगणे हे बायकी काम ठरवून टाकले, तर आपल्या भागात, जिथे एवढ्या शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या आहेत, तिथे माणसाने बोलायचे कोणाजवळ?

आणि त्या घरांतल्या बायांचे काय? नवरा गेला की तिच्या हातातल्या बांगड्या फोडायच्या. ही प्रथा बंद करण्याचा ठराव मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने केला, तेव्हा कुठे राज्यभर तिची चर्चा झाली. अशी बाई आपल्या मोर्चात येते. एकटीने शेत ओढते, कर्ज फेडते. जी वस्तू तिच्याकडून हिसकावून घेतली, तीच आपण नालायकीची खूण म्हणून ताटात मिरवतो. तिने कुठे बघायचे?

कार्यकर्ते विचारतात, मग राग काढायचा कसा? राग काढू नका असे आम्ही म्हणत नाही. ज्याचा दोष आहे त्याच्या दोषाचे नाव घ्या. पुढच्या मोर्चाला आम्ही घोषणा अगोदर कागदावर लिहिल्या आणि त्या टेम्पोतल्या बाईंनाच वाचून दाखवल्या. दोन त्यांनी खोडल्या. एकीत "मर्द असाल तर" होते, ते आमच्या ध्यानात आलेच नव्हते. कचेरीसमोर त्यांनीच यादी वाचली. गट नंबर, पेरा किती, नुकसान कळवल्याची तारीख, आणि दर नावापाठी एकच प्रश्न, "पंचनामा कधी?" साहेबाला अपमान झाला म्हणून रुसायला जागा नव्हती. त्याने सही करून तारीख दिली. दिलेल्या तारखेला माणूस आला, चार गावांत आला, दोन गावांत आला नाही. तिथे पुन्हा जावे लागले.

शब्द बदलले म्हणून सातबाऱ्यावर बाईचे नाव चढत नाही, हे आम्हाला कळते. ते काम वेगळे आहे आणि ते बाकी आहे. पण त्या बाईंच्या प्रश्नाचे उत्तर तरी आता आम्हाला देता येते. तुम्ही कोणतेच काम टाकले नव्हते, बाई. काम टाकले होते साहेबाने, आणि ते त्याच्याच नावावर लिहायला आम्ही चुकलो.

त्या दोन डझनांतल्या काही बांगड्या उरल्या होत्या. त्या आम्ही घरी नेऊन दिल्या. घरच्या मंडळींनी विचारले, "कुठून आणल्या?" आम्ही खरे सांगितले. त्या म्हणाल्या, "मग या नकोत. भरायच्या तर मी माझ्या विकत घेईन."