कुंडीतला वड : एका वेळी एकच घाव



वटपौर्णिमा आली की बाजारात वडाच्या तोडलेल्या फांद्या विकायला येतात. एका दिवसाच्या पूजेसाठी झाड ओरबाडलं जातं. त्यावर आमच्या गटात बोलणं निघालं, की कुंडीत छोटा वड वाढवला तर? दरवर्षी तोच पुजता येईल आणि चार रोपं विकताही येतील. रोपं विकत आणायचीही गरज नव्हती. पक्षी वड-पिंपळाची फळं खातात, त्यांच्या विष्ठेतून बी भिंतीच्या फटीत पडतं आणि तिथंच रुजतं. आमच्या गटातल्या आजी म्हणाल्या, "पिंपळ उपटू नये गं." पण भिंतीतलं रोप आज ना उद्या कुणीतरी काढून टाकणारच असतं. ते कुंडीत जगवायचं म्हटल्यावर आजीही तयार झाल्या.

पहिल्या वर्षी आम्ही काय चुकलो ते आधी सांगतो. पौष महिन्यात पडक्या वाड्याच्या भिंतीतून आम्ही नऊ रोपं काढली. वटपौर्णिमेपर्यंत तयार व्हावीत म्हणून एकाच दिवशी मुळं कापली, फांद्या छाटल्या, सगळी पानं खुडली आणि रोपं पसरट कुंडीत लावली. मग काळजीपोटी रोज दोनदा पाणी घातलं. माघ संपता संपता सात रोपं गेली. उपटून पाहिलं तर मुळं काळी, लिबलिबीत, वास मारणारी.

कारण नंतर समजलं. पान म्हणजे झाडाची चूल. तिथं शिजलेलं अन्न खाली जातं, तेव्हा नवं मूळ फुटतं. आम्ही मुळंही कापली आणि चूलही विझवली. त्यात थंडीत वड-पिंपळाची वाढ जवळजवळ थांबलेली असते. पानं नसली की झाड पाणी ओढत नाही, माती ओलीच राहते आणि कापलेली मुळं कुजतात. तेव्हापासून आमचा नियम ठरला : एका वेळी एकच घाव, आणि तोही वाढीच्या दिवसांत.

मुळांचं काम आम्ही आता ज्येष्ठात करतो, पहिला पाऊस पडून हवा दमट झाली की. वीतभर ते हातभर उंचीचं रोप निवडतो. भिंतीच्या फटीत आदल्या दिवशी पाणी सोडतो आणि छिन्नीनं कडा मोकळ्या करून रोप काढतो, हिसका देत नाही. मधलं जाड सोटमूळ असतं, ते खोडापासून तीन बोटं ठेवून धारदार कात्रीनं कापतो. बाजूची बारीक मुळं मात्र ठेवतो, कारण पाणी तीच ओढतात. वरची मोठी पानं निम्मी कापतो, म्हणजे पाणी कमी उडतं. पण शेंड्याला आणि फांद्यांना हात लावत नाही. कापल्यावर पांढरा चीक गळतो. तो डोळ्यात जाऊ देऊ नका, अंगावर खाजही सुटते. पाणी शिंपडलं की चीक थांबतो.

पहिलं वर्षभर रोप साध्या खोल कुंडीत ठेवायचं. माती अशी : दोन भाग विटांचे हरभऱ्याएवढे तुकडे, एक भाग तांबडी माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत. विटांचा भुगा चाळून टाका, नाहीतर माती घट्ट बसते. मुळांच्या खाली कौलाचा सपाट तुकडा ठेवला की मुळं खाली न जाता आडवी पसरतात. पुढं पसरट कुंडीत हीच मुळं शोभा देतात. तीन आठवडे रोप सावलीत ठेवायचं, दीड महिना खत द्यायचं नाही. वरची माती बोटाला कोरडी लागली तरच पाणी. नवं पान नीट उमललं की मूळ धरलं असं समजायचं. शंका आली तर खोडावर नखानं हलकं खरवडा. आत हिरवं असलं तर झाड जिवंत आहे.

दुसरा घाव फांद्यांचा, तो पुढच्या फाल्गुन-चैत्रात, नवी पालवी जोर धरते तेव्हा. फांदीला सहा-आठ पानं येऊ द्यायची, मग दोन-तीन ठेवून कापायची. बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या जरा वर कापलं की नवी फांदी बाहेर जाते, झाड मोकळं दिसतं. शेंड्याचा जोर नेहमी जास्त असतो, म्हणून वरच्या फांद्या आखूड कापायच्या आणि खालच्या लांब ठेवायच्या. खोड जाड हवं असेल तर खालची एक फांदी वर्षभर वाढू द्यायची आणि काम झालं की काढून टाकायची.

पसरट कुंडीत रोप जातं ते त्यानंतरच्या ज्येष्ठात. त्या वेळी मुळांचा साधारण तिसरा हिस्सा कापतो. पुढं दर दोन वर्षांनी हेच करायचं. पानं लहान यावीत म्हणून ती खुडायची असतील तर देठ ठेवून खुडायची, कारण देठाच्या बगलेत नवा डोळा असतो. मात्र ज्या वर्षी मुळं कापली, त्या वर्षी पानं खुडायची नाहीत.

आता पारंब्या. कोलकात्याजवळ शिबपूरच्या वनस्पती उद्यानात एक प्रचंड वड आहे. त्याचं मूळ खोड कुजलं म्हणून १९२५ साली काढून टाकलं, तरी झाड पारंब्यांवर उभं आहे. पारंबी मातीत टेकली की ती खांब होते, लोंबकळत राहिली तर बारीकच राहते. आमचा भाग कोरडा. श्रावणात फांदीवर पारंबीची टोकं दिसायची आणि पावसानं उघडीप दिली की वाळून जायची. मग शीतपेयाची नळी आम्ही उभी चिरली, टोकाभोवती बसवली, आत ओला काथ्याचा भुसा भरला आणि नळीचं खालचं तोंड मातीत रोवलं. भुसा रोज ओला ठेवला. दोन-अडीच महिन्यांत पारंबी मातीत पोचली. ती हलवून घट्ट लागल्यावरच नळी काढली. एका झाडावर दोन-तीनच पारंब्या राखा, जास्त झाल्या तर गुंता होतो.

पिंपळाकडून मात्र ही अपेक्षा ठेवू नका. त्याला वडासारख्या पारंब्या सहसा येत नाहीत. आम्ही पिंपळ दगडावर बसवतो, मुळं दगडावरून खाली मातीत सोडतो आणि सुतळीनं सैल बांधतो.

नव्या रीतीनं आम्ही सहा रोपं काढली, चार वड आणि दोन पिंपळ. एक पिंपळ गेला, पाच रोपं जगली. एका वडाची पारंबी मातीत टेकलीय. यंदा गटातल्या बायकांनी त्याचीच पूजा केली. सूत गुंडाळलं ते सैल, आणि दुसऱ्या दिवशी सोडवून घेतलं, कारण कोवळ्या खोडात सूत रुततं. विक्री अजून केलेली नाही. तीन वर्षांचं होऊन दोन पावसाळे पसरट कुंडीत काढलेलं झाडच विकायचं, असं आम्ही ठरवलंय. घेणारीच्या घरी ते महिन्याभरात वाळलं, तर ती पुन्हा बाजारातून फांदीच आणील.