आधी ‘सिंहासन’ पाहावा की वाचावी?



पुस्तकावर निघालेला सिनेमा आधी पाहावा की पुस्तक आधी वाचावं, या प्रश्नाचं उत्तर मी एकाच सिनेमावरून देणार आहे. डॉ. जब्बार पटेल यांचं शालेय शिक्षण आपल्या सोलापुरातलं. त्यांचा १९७९ सालचा ‘सिंहासन’ मी कॉलेजात असताना पाहिला. पुढच्याच आठवड्यात आमच्या वाचनगटात अरुण साधूंच्या ‘सिंहासन’ कादंबरीवर चर्चा होती. मी पुस्तक न उघडताच गेलो आणि दहा मिनिटं बोललो. शेवटी एका मैत्रिणीने शांतपणे विचारलं, “तू वाचलंयस की पाहिलंयस?” मला उत्तर देता आलं नाही.

मला ठाऊकच नव्हतं, की हा सिनेमा दोन कादंबऱ्यांवर बेतलेला आहे. साधूंची ‘मुंबई दिनांक’ आणि १९७७ची ‘सिंहासन’. विजय तेंडुलकरांनी त्या दोन्हींतून एक पटकथा केली. दोन कादंबऱ्या एका बैठकीत बसवायच्या म्हणजे काही माणसं गळणार, काही प्रसंग आक्रसणार. म्हणजे मी ज्याला ‘पुस्तकाची गोष्ट’ समजून बोलत होतो, ती खरं तर तेंडुलकरांची निवड होती.

मग मी कादंबरी हातात घेतली. पत्रकार दिगू टिपणीस आला की समोर निळू फुलेच उभे राहायचे, मुख्यमंत्री आले की अरुण सरनाईक. याचा फायदाही झाला. एवढ्या पुढाऱ्यांची नावं आणि गट लक्षात ठेवताना मी एकदाही अडखळलो नाही. पण तोटा मोठा होता. पडद्यावर पाहिलेला प्रसंग आला की मी सावकाश वाचायचो आणि न पाहिलेली पानं भराभर उलटायचो. सिनेमा आपलं वाचन खातोय, हे ओळखण्याची खूण हीच. आधी वाचणाऱ्यांची खूण याच्या उलटी असते. ते थिएटरात बसून काय काय गाळलंय ते मोजतात आणि समोरचा सिनेमा त्यांचा निसटतो.

म्हणून माझं मत असं. पुढे काय होणार, या उत्सुकतेवरच जे पुस्तक उभं असतं, ते आधी वाचा. ती उत्सुकता एकदाच मिळते. ‘सिंहासन’मध्ये कोण जिंकतं यापेक्षा डाव कसे रचले जातात ते महत्त्वाचं आहे. शेवट कळला तरी तिचं फारसं बिघडत नाही. इथे सिनेमा आधी चालेल. फक्त वाचताना न पाहिलेल्या पानांवर मुद्दाम थांबा.

आणि इथे दोन पुस्तकं असल्यामुळे तिसरी वाटही आहे. आधी ‘मुंबई दिनांक’ वाचा, मग सिनेमा पाहा, मग ‘सिंहासन’ वाचा. एका पुस्तकातली माणसं तुमच्या मनातल्या चेहऱ्यांनी भेटतील, दुसऱ्यातली जब्बार पटेलांनी दिलेल्या. दोन्हींतला फरक तुमचा तुम्हालाच कळेल.

त्या मैत्रिणीला मी उत्तर दिलं, पण दोन महिन्यांनी. “आता वाचलंय,” म्हणालो.