नाव काढलं, तरी माणूस सापडला

आज माझ्याच फायनल इयरच्या प्रोजेक्टमधली एक चूक सांगतो.

विषय होता सोलापूरचं पाणी. नळाला काही दिवसांआड पाणी येतं, आणि त्यावर लोक ट्विटरवर मराठीत काय लिहितात ते गोळा करून राग, वैताग, समाधान असं वर्गीकरण करायचं. ट्विट्स सगळे पब्लिक, म्हणून परवानगीचा प्रश्नच आम्हाला पडला नाही. युजरनेम काढले, त्यांच्या जागी एमडी५ हॅश टाकला आणि रिपोर्टमध्ये नमुन्याला पाच ट्विट्स जसेच्या तसे छापले.

सरांनी त्यातली एक ओळ अवतरणचिन्हांत घालून सर्च केली. पहिल्याच निकालात बाईंचं अकाउंट, फोटोसकट. त्यांनी आपल्या गल्लीच्या चावीवाल्याविरुद्ध लिहिलं होतं. तो रोज त्याच गल्लीत येणार, पाणी सोडणारा तोच. सर म्हणाले, "हा रिपोर्ट लायब्ररीत राहणार आहे, कळतंय ना?"

हॅशचंही तेच. युजरनेमची यादी हाताशी असली की कुणीही तोच हॅश काढून जुळवून बघतो. आम्ही मग प्रत्येकाला रँडम नंबर दिला आणि जुळणीची फाइल वेगळी ठेवून काम झाल्यावर पुसली. पण मूळ वाक्य तसंच असेल तर त्या नंबरालाही अर्थ नाही, सर्च वाक्यावरूनच होतो.

म्हणून छापायच्या पाच जणांना मेसेज केला: आम्ही कोण, कोणतं वाक्य, कुठे छापणार, आणि नाही म्हणालात तर काही बिघडत नाही. दोघं हो म्हणाले. बाईंनी नको म्हटलं आणि ट्विटच डिलीट केलं. उरलेल्या दोघांचं उत्तर आलं नाही, ते आम्ही नकारच धरलं. त्या तिघांचं म्हणणं आमच्या शब्दांत लिहिलं, पुन्हा सर्च करून पाहिलं, आणि 'चावीवाला', गल्ली असे धागे काढले. बाईंचं ट्विट डेटामधूनही काढलं. बाकी हजारोंना विचारणं शक्य नव्हतं, त्यांचे फक्त एकूण आकडे दिले, मूळ फाइल कुणाला दिली नाही.

पुण्याच्या एल३क्यूबने २०२१ मध्ये महासेंट हा सुमारे १६ हजार मराठी ट्विट्सचा डेटासेट काढला. ते ट्विट्स महाराष्ट्रातल्या नामवंतांच्या अकाउंटवरचे. नेत्याचं ट्विट जगासाठीच असतं. आमच्या बाईंनी लिहिलं होतं ते शे-दीडशे ओळखीच्यांसाठी. पब्लिक दोन्ही, पण एकाच मापानं मोजता येत नाहीत.

कायदा विचाराल, तर २०२३ चा डेटा संरक्षण कायदा माणसानं स्वतःच जाहीर केलेल्या माहितीला लागू होत नाही. म्हणजे आमचा पहिला रिपोर्टही त्या कायद्यात बसला असता. सरांनी मात्र तो परत दिला, आणि पाच पानं नव्यानं प्रिंट करून बाइंडिंग पुन्हा करावं लागलं.