कोड लिहू नका, कशासाठी आला ते लिहा

तात्यापाऱ्यातून आलेले आहेत, चौबे कॉलनीतले आहेत, काही जण पार टाटीबंधहून आलात. आपल्यापैकी बरेच जण घरखर्चाची वही वर्षानुवर्षं लिहीत आले आहेत. आज त्या वहीत एका पानाची भर घालायची आहे. बँकेचे जे मेसेज मोबाईलवर येतात, त्यांची नोंद कशी ठेवायची, एवढाच विषय आहे.

बँकेचे मेसेज मुख्यतः दोन जातींचे. पहिला व्यवहार झाल्यानंतर येतो: इतके रुपये गेले, इतके आले. दुसरा व्यवहार होण्याच्या आधी येतो, त्यात ओटीपी असतो. पहिला म्हणजे पावती, दुसरा म्हणजे किल्ली. पावतीची नक्कल करून ठेवावी. किल्लीची करू नये. किल्ली आली होती, एवढंच लिहावं.

पावतीतून पाच गोष्टी उतरवा: तारीख आणि वेळ, रक्कम, खात्याचे किंवा कार्डाचे शेवटचे चार आकडे, पैसे कुणाला गेले, आणि संदर्भ क्रमांक. यूपीआयचा संदर्भ क्रमांक बारा आकडी असतो. तक्रार करताना बँक तोच आधी विचारते, म्हणून तो पूर्ण लिहा.

आता ओटीपीचा मेसेज. तो साधारण असा दिसतो. कोड मी मुद्दाम झाकला आहे.

```
OTP for txn of Rs 9,850.00 on card ending 4821 is ******. Do not share.
```

बहुतेकांची नजर थेट कोडावर जाते. पण आपल्या उपयोगाचं त्याच्या आधी आहे: कोणत्या कार्डावर, किती रुपयांसाठी. वहीत तेवढंच लिहायचं आणि पुढे एक शेरा मारायचा, "मी मागवला" किंवा "मागवला नव्हता". सगळ्या नोंदीत हा शेरा सर्वांत मोलाचा. न मागवता खरेदीचा ओटीपी आला, याचा अर्थ बहुधा तुमच्या कार्डाचा नंबर दुसऱ्या कुणाच्या हातात आहे आणि तो फक्त कोडासाठी अडला आहे.

एक उदाहरण घेऊ. २०२५ च्या होळीचा आठवडा. एका काकूंच्या वहीत या दोन ओळी आहेत असं समजा.

बुधवार १२ मार्च, रात्री ९.१०. ओटीपी, ९,८५० रुपये, कार्ड ४८२१. मागवला नव्हता.

गुरुवार १३ मार्च, रात्री १०.२५. ६,२४० रुपये गेले, कार्ड ४८२१, परदेशी वेबसाइट. मी केलेला नाही.

दुसऱ्या व्यवहाराला ओटीपी का लागला नाही? कारण परदेशातल्या बऱ्याच वेबसाइट तो मागतच नाहीत. कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे त्यांना पुरतात. काकूंनी कुणाला कोड सांगितला नाही, हे चांगलं झालं. पण बुधवारी रात्रीच कार्ड बंद केलं असतं, तर गुरुवारचे पैसे गेले नसते. नोंद केली, पण तिचा अर्थ लावला नाही.

आता पुढचा हिशेब. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक ग्राहकाची नसेल, बँकेचीही नसेल, तिसऱ्याच कुणाची असेल, आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं, तर त्याच्यावर काहीच बोजा नाही. मेसेज आला तो दिवस मोजायचा नाही. शुक्रवारी १४ तारखेला होळीची सुट्टी. शनिवार १५ महिन्यातला तिसरा, म्हणजे बँक चालू: पहिला दिवस. रविवार गेला. सोमवार दुसरा, मंगळवार १८ तिसरा. मंगळवारपर्यंत कळवलं, तर ६,२४० पूर्ण परत मिळायला हवेत.

बुधवारी १९ ला कळवलं तर? चौथ्या ते सातव्या दिवसापर्यंत साध्या बचत खात्याला बोजाची मर्यादा दहा हजार रुपये आहे. गेलेली रक्कम त्याहून कमी, म्हणजे सगळे ६,२४० काकूंच्याच अंगावर पडू शकतात. शून्य शिलकीचं मूलभूत बचत खातं असेल, तर मर्यादा पाच हजार. एका दिवसाच्या उशिराची ही किंमत. मेसेज कोणत्या तारखेला आला हे वहीत नसेल, तर हा हिशेब आपल्याला मांडताच येत नाही. नियम बदलत असतात, म्हणून आजची मर्यादा आपल्या शाखेत विचारून घ्या.

आणि कोड सांगितला असता तर? मग तो ग्राहकाचा निष्काळजीपणा धरतात. बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान ग्राहकाचं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून हातून चूक झाली असली तरी लाजून गप्प बसू नका, लगेच कळवा.

कळवायचं कसं? कार्डाच्या मागच्या नंबरावर फोन करून आधी कार्ड बंद करा. तक्रार क्रमांक आणि फोनची वेळ त्याच ओळीखाली लिहा. मग १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करा किंवा cybercrime.gov.in वर नोंदवा. पहिल्या गटातली तक्रार असेल, तर कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची असते. दहाव्या दिवसाची तारीखही वहीत लिहून ठेवा. मूळ मेसेज मात्र पुसू नका. वही आपल्या आठवणीसाठी आहे, दाखवायला मेसेजच लागतो.

आता काही जण म्हणतील, हाताने कशाला, सगळे मेसेज आपोआप दुसऱ्या फोनवर पाठवणारं ॲप मिळतं, पुण्यातला मुलगा तिथूनच बघेल. इथेच थांबा. असं ॲप पावती आणि किल्ली वेगळी करत नाही. कोड जिवंत असतानाच, त्या चार-पाच मिनिटांतच, तो फोनबाहेर जातो. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका किंवा वाहनाचं चालान म्हणून जी .apk फाइल येते, तिचं कामही नेमकं हेच: मेसेज वाचायची परवानगी मागायची आणि कोड परस्पर चोराकडे पाठवायचा. फोनच्या सेटिंगमध्ये परवानग्यांच्या यादीत एसएमएस उघडून बघा. तिथे अनोळखी ॲप दिसलं, तर परवानगी काढा आणि ॲपही काढून टाका.

मुलाला हिशेब दाखवायचा असेल, तर रविवारी वहीच्या पानाचा फोटो पाठवा. त्या पानावर एकही कोड नाही, म्हणून तो पाठवताना धास्ती नाही. मेसेजचा स्क्रीनशॉट मात्र घरच्या ग्रुपवर टाकू नका, त्यात शिल्लकही दिसते.

शेवटची एक गोष्ट. फोन कुलूपबंद असतानाही पडद्यावर मेसेज उमटतो आणि कोड शेजारच्याला वाचता येतो. सूचनांच्या सेटिंगमध्ये जाऊन लॉक स्क्रीनवरचा मजकूर लपवा. जमत नसेल, तर आज जाण्याआधी मला फोन दाखवा, इथेच करून देतो. आणि घरी गेल्यावर गेल्या आठवड्यातले मेसेज उघडून पहिल्या पाच ओळी लिहा. त्यात "मागवला नव्हता" असा शेरा मारावा लागला, तर वही मिटायच्या आधी बँकेला फोन करा.