वास्तुशांत आणि ऑफिसमधली मंडळी



वास्तुशांतीचा मुहूर्त बरेचदा कामाच्या दिवशी निघतो.
तोही सकाळचा.
अशा वेळी ऑफिसमधल्यांना नुसतं "पूजेला या" म्हटलं, की त्यांची पंचाईत होते.
रजा टाकायची का?
तीर्थप्रसादाला जायचं, की जेवायला?

म्हणून पूजा घरच्यांबरोबर करा.
ऑफिसच्या मंडळींना त्यानंतरच्या रविवारी बोलवा.
आणि वेळ सांगताना दोन्ही सांगा.
कधी यायचं, आणि कधीपर्यंत.
लांबून लोकलने येणाऱ्याला परतीची गाडी बघायची असते.

समजा, निरोप असा लिहिला.

"रविवारी संध्याकाळी सहा ते साडेआठ, आमचं नवं घर बघायला या.
सातपासून जेवण आहे.
पावभाजी, मसालेभात, मठ्ठा, जिलबी.
सगळं शाकाहारी.
मसालेभात कांदा-लसणाशिवायचा आहे.
आणखी काही पथ्य असेल तर सांगा.
कृपया आहेर आणू नका.
शुक्रवारपर्यंत कळवा.
जमणार नसेल तर नुसतं 'नाही' पुरे. कारण नको."

यातलं शेवटचं वाक्य गाळू नका, असं मला मनापासून वाटतं.
घरी आजारी माणूस असतं, कुणाची ओढाताण चालू असते.
ते सगळं ऑफिसात सांगायला लागू नये.

म्हणूनच हा निरोप ऑफिसच्या ग्रुपवर टाकू नका.
तिथं एकाचा नकार सगळ्यांना दिसतो.
ज्याला त्याला वेगळा पाठवा.

पुन्हा सांगते.
यायची वेळ, निघायची वेळ, जेवणात काय, आणि नकाराची मोकळीक.

शुक्रवारपर्यंत उत्तर आलं नाही, तर शनिवारी एकदाच विचारा.
आणि सोमवारी "का आला नाहीत?" हा प्रश्न नको.